डीव्हीआरमध्ये दिवस किती मावतात?

आजकाल कुठल्याही सोसायटीच्या गेटवर एक पाटी हमखास दिसते, "आपण कॅमेऱ्याच्या निगराणीखाली आहात". वाचून आपण सावरून चालतो. पण ही निगराणी नेमकी किती दिवस मागची दाखवू शकते, असं विचारलं की सेक्रेटरी वॉचमनकडे बघतात, वॉचमन कॅमेरावाल्याला फोन लावतो आणि तो म्हणतो, "दोन टीबीची हार्ड डिस्क टाकलीय साहेब, महिना आरामात जातो."

महिना खरंच जातो का? याचं उत्तर गुणाकार-भागाकारात आहे, आणि तो गुणाकार आठवीतल्या मुलालाही जमेल. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'साठवणक्षमता' हा शब्द लिहायला मला जितका वेळ लागतो, त्याहून कमी वेळात हे गणित होतं! म्हणून पुढे मी सरळ 'स्टोरेज' म्हणणार आहे, सांभाळून घ्या.

हा विषय सुचला कुठून?

आमच्या सोसायटीत ८ कॅमेरे आहेत, सगळे २ मेगापिक्सेलचे. ऑफिसमधल्या कपाटात एक डीव्हीआर आणि त्यात २ टीबीची डिस्क. बिलावर स्वच्छ लिहिलेलं, '३० दिवस बॅकअप'. खालच्या मजल्यावरचं एक कुटुंब सुट्टीत गावी गेलं आणि परत आलं तेव्हा पार्किंगमधून मुलाची नवी गिअरची सायकल गायब. वॉचमनला ती शेवटची दिसली होती ती साधारण १४ दिवसांपूर्वी. सगळे निर्धास्त होते, कारण '३० दिवस' आहेत ना! प्लेबॅक उघडलं तर सर्वांत जुनं रेकॉर्डिंग ११ दिवसांपूर्वीचं निघालं. चोर कॅमेऱ्यासमोरून गेलाही असेल, पण ते चित्र तीन दिवस आधीच पुसलं गेलं होतं.

ते पुसलं कुणी? कुणीच नाही. डीव्हीआरमध्ये `Overwrite` नावाची सोय चालू असते. डिस्क भरली की मशीन सर्वांत जुनं रेकॉर्डिंग काढून त्याच जागेवर नवं लिहितं. हे बरोबरच आहे, नाहीतर डिस्क भरल्यावर रेकॉर्डिंगच थांबेल. याचा अर्थ डिस्क कायम भरलेलीच असते, आणि 'किती दिवस' हा प्रश्न म्हणजे खरं तर 'डिस्क एकदा भरायला किती दिवस लागतात' हा प्रश्न.

सेक्रेटरी काका मला म्हणाले, "तू इलेक्ट्रॉनिक्सला आहेस ना? मग सांग, तो माणूस खोटं बोलला की मशीन खराब आहे?" उत्तर शोधायला वही-पेन पुरलं.

एकच आकडा पाठ करा : १०.८

कॅमेऱ्याचं चित्र डिस्कवर एका ठराविक वेगाने येत असतं. त्या वेगाला म्हणतात बिटरेट. नळाची धार आणि खाली ठेवलेली बादली डोळ्यांसमोर आणा. बादली म्हणजे डिस्क, धार म्हणजे बिटरेट. बादली कधी भरेल हे धारेवर ठरतं. नळ पितळेचा आहे की प्लास्टिकचा, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

समजा धार १ एमबीपीएस आहे, म्हणजे दर सेकंदाला १० लाख बिट. दिवसात ८६,४०० सेकंद. गुणाकार केला की झाले ८,६४० कोटी बिट. डिस्क मात्र बाइटमध्ये मोजली जाते आणि ८ बिटचा एक बाइट, म्हणून ८ ने भागा. आले १,०८० कोटी बाइट. डिस्कच्या खोक्यावरचा १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट. तेव्हा १ एमबीपीएसचा कॅमेरा दिवसाला खातो १०.८ जीबी.

बस्स, एवढंच. पुढचं सगळं याच आकड्यावर उभं आहे :

```
days = (TB x 1000) / (total Mbps x 10.8)
```

यात एमबीपीएस म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांची बेरीज, हे विसरू नका.

आता आमचा डीव्हीआर. मेनूत जाऊन पाहिलं, प्रत्येक चॅनेलला `Bitrate Type` होता `Constant` आणि बिटरेट २०४८ केबीपीएस, म्हणजे २.०४८ एमबीपीएस. ८ कॅमेऱ्यांचे झाले १६.३८. त्याला १०.८ ने गुणलं की दिवसाला साधारण १७७ जीबी. २ टीबी म्हणजे २,००० जीबी. भागाकार करा, ११.३ दिवस!

प्लेबॅकमध्ये दिसले होते ११. म्हणजे मशीन बिचारं ठणठणीत होतं.

मग ते ३० दिवस आले कुठून? सूत्र उलटं फिरवलं. २,००० जीबी ३० दिवस पुरवायचे तर दिवसाला ६७ जीबीच्या आत राहायला हवं, म्हणजे प्रत्येक कॅमेऱ्याला जेमतेम ७७० केबीपीएस. डीव्हीआरच्या यादीत ७६८ केबीपीएस हा पर्याय असतोच आणि त्यावर हिशोब ३० दिवसांचा बरोब्बर जुळतो. जुन्या, कमी रिझोल्यूशनच्या कॅमेऱ्यांना एवढी धार पुरायची. तेव्हा '८ कॅमेरे, २ टीबी, ३० दिवस' हे वाक्य खोटं नाही, फक्त त्याच्यापुढे '७६८ केबीपीएसला' हे शब्द गाळलेले आहेत. बिलावर दिवस लिहून बिटरेट न लिहिणं म्हणजे गाडी किती किलोमीटर जाईल ते सांगायचं आणि पेट्रोल किती ते सांगायचं नाही, असा प्रकार झाला.

२ टीबी मग १८६३ जीबी का दिसते?

काकांनी लगेच शंका काढली, "अगं, स्क्रीनवर तर डिस्क १८६३ जीबीच दिसतेय. दुकानदाराने मारली का आपली १३७ जीबी?"

नाही मारली. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. डीव्हीआर आणि विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजतात आणि त्यांचा १ जीबी होतो सुमारे १०७ कोटी बाइटचा. गज मोठा, म्हणून आकडा लहान. कापड तेवढंच.

धोका फक्त दोन गज मिसळण्यात आहे. खोक्यावरचे २,००० घेतले तर १०.८ वापरा. स्क्रीनवरचे १८६३ घेतले तर १०.८ ऐवजी जवळजवळ १० येतात (नेमके १०.०६). योगायोगाने हे तोंडी हिशोबाला फारच सोयीचं आहे : स्क्रीनवरचे जीबी, भागिले एकूण एमबीपीएस, भागिले १०. आमच्याकडे १८६३ भागिले १६४, पुन्हा तेच ११.

मेगापिक्सेल नव्हे, बिटरेट!

इथे बहुतेक जण फसतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक सूचना आली की कॅमेऱ्याचा फ्रेम रेट २५ वरून १२ करा, म्हणजे निम्मी जागा वाचेल. ऐकायला पटतं. पण `Constant` मोडमध्ये धार ठरवून दिलेली असते, २०४८ म्हणजे २०४८. फ्रेम कमी केल्या तर तेवढेच बिट कमी फ्रेममध्ये वाटले जातील. प्रत्येक फ्रेम थोडी जास्त स्वच्छ दिसेल, पण डिस्क तेवढ्याच वेगाने भरेल. तसंच २ ऐवजी ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा लावला आणि बिटरेट तोच ठेवला तर दिवस कमी होणार नाहीत. चित्र मात्र हलत्या माणसाभोवती चौकोन चौकोन होऊन फुटेल, कारण मोठं चित्र लहान धारेत कोंबलेलं असेल.

एच.२६५ चं तसंच. हे नवं कॉम्प्रेशन जुन्या एच.२६४ च्या साधारण निम्म्या बिटरेटमध्ये जवळपास तसंच चित्र देतं. पण मेनूत नुसतं एच.२६५ निवडून बिटरेट २०४८ च ठेवला तर दिवस एकानेही वाढत नाहीत. आकडा स्वतःच्या हाताने १०२४ करावा लागतो. आणखी एक गोष्ट, कोअॅक्स वायरच्या डीव्हीआरमध्ये हे कॉम्प्रेशन डीव्हीआर स्वतः करतो, म्हणून बदल तिथेच होतो. नेटवर्क केबलचे आयपी कॅमेरे असतील तर कॉम्प्रेशन कॅमेऱ्यातच होतं, म्हणजे एच.२६५ कॅमेऱ्यालाच यायला हवं. रेकॉर्डर नवा घेऊन उपयोग नाही.

`Variable` मोडची गंमत वेगळी. त्यात तुम्ही लिहिता तो `Max. Bitrate`, म्हणजे कमाल धार. समोर रिकामा जिना असेल तर मशीन धार आपोआप बारीक करतं, गर्दी झाली की मोठी. म्हणून `Variable` मध्ये कमाल आकड्यावर केलेला हिशोब कमीत कमी दिवस सांगतो. प्रत्यक्षात त्याहून थोडे जास्तच मिळतात. रात्री मात्र सावध राहा. अंधारात चित्रावर जो मुंग्या आल्यासारखा दाणा दिसतो, तो मशीनच्या लेखी हालचालच असते आणि रिकाम्या पार्किंगचं रेकॉर्डिंगही भरपूर बिट खातं.

आता ३० दिवस कसे आणायचे?

काकांचं म्हणणं होतं, पैसे न घालता जमतंय का बघ. पाहिलं.

पहिली पायरी, एच.२६५ आणि १०२४ केबीपीएस. प्रत्येक कॅमेरा दिवसाला ११ जीबी, आठांचे ८८.५. दिवस झाले २२.६. बरे आहेत, पण ३० नाहीत.

दुसरी पायरी, मोशन रेकॉर्डिंग. गच्ची, मागचा जिना आणि पंपरूम या तीन ठिकाणी दिवसभर काहीच घडत नाही. तिथे हालचाल झाली तरच रेकॉर्ड कर, असं सांगितलं. टाइमलाइनवरच्या पट्ट्या मोजल्या, दिवसाचे साधारण ४ तास भरत होते. म्हणजे हे तीन कॅमेरे ३३ जीबीऐवजी दिवसाला साडेपाच जीबी खाणार. पाच चालू कॅमेऱ्यांचे ५५.३ आणि हे ५.५, एकूण ६०.८ जीबी. दिवस झाले जवळपास ३३. डिस्क तीच!

काका खूश. पण रात्री गेटचं रेकॉर्डिंग लावून बघितलं तर १०२४ केबीपीएसवर चालत्या स्कूटरची नंबर प्लेट म्हणजे नुसता पांढरा डाग. पार्किंगमध्ये धावत जाणाऱ्या माणसाचं तोंड धुवट. मी म्हटलं, "काका, ३३ दिवस आले, पण ३३ दिवस कुणाचे हे दिसत नाहीये." चोर ओळखूच आला नाही, तर तो रेकॉर्डिंगमध्ये असून काय फायदा?

म्हणून तिसरी पायरी उलट्या दिशेने टाकली. गेट आणि पार्किंग हे दोन कॅमेरे पुन्हा २०४८ वर नेले. त्यांचे ४४.२ जीबी, बाकीच्या तीन चालू कॅमेऱ्यांचे ३३.२, मोशनवाल्यांचे ५.५, एकूण दिवसाला ८३ जीबी. २ टीबीवर दिवस पुन्हा खाली, २४ वर.

इथे बिनपैशाचे उपाय संपले. चित्र कापायचं की डिस्क वाढवायची? सोसायटीने ४ टीबीची डिस्क घेतली. त्याआधी डीव्हीआरचं माहितीपत्रक बघून घेतलं, कारण लहान डीव्हीआरमध्ये एकच डिस्क बसते आणि ती जास्तीत जास्त किती टीबीची चालेल याला मर्यादा असते. ४,००० भागिले ८३, दिवस झाले ४८.

तुम्ही म्हणाल, ३० हवे होते, मग ४८ कशाला? कारण मोशनचा तो '४ तास' हा आकडा भरवशाचा नाही. पावसाळ्यात रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात पावसाच्या धारा चमकतात, लेन्सवर कोळी जाळं विणतो, दिव्याभोवती किडे जमतात. कॅमेऱ्याला ही सगळी हालचालच वाटते आणि तो रात्रभर रेकॉर्ड करत बसतो. म्हणून हिशोब सर्वांत वाईट आठवड्यासाठी करायचा. समजा तिन्ही कॅमेरे २४ तास चालले, तर एकूण ११०.६ जीबी. ४ टीबीवर तरीही ३६ दिवस. म्हणजे भर पावसातही ३० च्या खाली जात नाही. बिलावर लिहायचा आकडा हाच.

आणखी एक बारकावा. डिस्क सगळ्या कॅमेऱ्यांची सामाईक असते. पंपरूमच्या कॅमेऱ्याने रात्रभर पाऊस रेकॉर्ड केला की जागा फक्त त्याची जात नाही, गेटचे जुने दिवसही पुसले जातात. काही मशीनमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा कोटा देता येतो, पण तो दिला नसेल तर एकाच्या उधळपट्टीचं बिल सगळ्यांच्या नावावर फाटतं.

गणित बरोबर आलं हे कसं ओळखायचं?

नवीन डिस्क पहिल्यांदा भरेपर्यंत प्लेबॅकवरून काहीच कळत नाही. पाचव्या दिवशी पाच दिवस दिसणारच. महिनाभर वाट बघायची नसेल तर दोन उपाय आहेत.

एक, रिकामी जागा बघणं. आमची ४ टीबी स्क्रीनवर ३७२६ जीबी दिसत होती. `Variable` मोड लावून पाच दिवसांनी पाहिलं तर ३५० जीबी गेली होती. दिवसाला ७०. म्हणजे ३७२६ भागिले ७०, साधारण ५३ दिवस. दोन्ही आकडे स्क्रीनवरचे, गज एकच, म्हणून १०.८ वगैरे काही लागलं नाही. एकाच दिवसानंतर मोजू नका, कारण मशीन जागा मोठ्या तुकड्यांत राखून ठेवतं आणि आकडा उड्या मारतो.

दुसरा उपाय, एका कॅमेऱ्याचं एक तासाचं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर काढून फाइलचा आकार बघणं. ७९० एमबी असेल तर २४ ने गुणून १०२४ ने भागा, साडेअठरा जीबी रोज. असा एक तास संध्याकाळच्या गर्दीचा घ्या आणि एक रात्री दोनचा. कुठला कॅमेरा डिस्क खातोय ते लगेच पकडता येतं.

गणितापेक्षा दिवस खूपच कमी भरले तर दोन गोष्टी तपासा. एखाद्याने आवाजाचं रेकॉर्डिंग चालू केलंय का? ६४ केबीपीएसचा आवाज कॅमेऱ्यामागे रोज ०.७ जीबी घेतो, म्हणजे फार नाही, पण ८ कॅमेऱ्यांचे साडेपाच होतात. आणि मुख्य म्हणजे, काही मशीनमध्ये 'इतक्या दिवसांनी रेकॉर्डिंग काढून टाक' अशी वेगळी सेटिंग असते. तिथे कुणी ७ लिहून ठेवले असतील तर १० टीबीची डिस्क लावली तरी सातच दिवस मिळणार. खूण सोपी आहे, डिस्कवर भरपूर जागा रिकामी दिसते आणि जुने दिवस मात्र गायब!

हेच गणित पोलीस ठाण्यात

आता जरा मोठं उदाहरण. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजीत सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह रेकॉर्ड करणारे कॅमेरे बसवायला सांगितलं आणि रेकॉर्डिंग १८ महिने जपावं असं म्हटलं. तेवढी क्षमता बाजारात मिळत नसेल तर जास्तीत जास्त मिळेल ती घ्या, पण एक वर्षाच्या खाली जाऊ नका, असंही सांगितलं. न्यायालयाने ही पळवाट का ठेवली असेल, ते आपलं सूत्र सांगतं. १८ महिने म्हणजे ५४८ दिवस. २ एमबीपीएसचा एकच कॅमेरा रोज २१.६ जीबी खातो, म्हणजे १८ महिन्यांना सुमारे ११.८ टीबी. आमच्या अख्ख्या सोसायटीच्या डिस्कच्या जवळजवळ तिप्पट, तेही एका कॅमेऱ्याला! दहा कॅमेरे असले तर ११८ टीबी. एका डिस्कच्या डीव्हीआरमध्ये हे बसणंच शक्य नाही. तिथे अनेक डिस्कची मशीन लागतात आणि त्यातली एखादी डिस्क बंद पडली तर काय, हाही विचार करावा लागतो.

तेव्हा मंडळी, तुमच्या सोसायटीत, दुकानात किंवा हॉस्टेलवर नवीन कॅमेरे बसणार असतील तर 'किती दिवस?' एवढंच विचारून थांबू नका. 'किती बिटरेटला?' हेही विचारा आणि दोन्ही आकडे बिलावर शेजारी शेजारी लिहून घ्या. जुने कॅमेरे असतील तर आजच प्लेबॅकचं कॅलेंडर उघडून सर्वांत जुनी तारीख बघा. आजपासून त्या तारखेपर्यंतचे दिवस, एवढीच मुदत तुमच्या हातात आहे. काही घडलं तर त्या मुदतीच्या आत रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर काढून घ्या, कारण ओव्हररायट झालेला दिवस कुठलाही इंजिनिअर परत आणून देत नाही. आमच्या पार्किंगचे ते तीन दिवस गेले ते गेलेच, आणि सायकलही.